सौ. हिस, पत्रास कारण की

ताई, नमस्कार. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. माझ्या आबा-आज्जीच्या लग्नाला येत्या वैशाखात 50 वर्षं होतायत. आबा उद्यमनगरात लेथवर टर्नर होते, शिक्षण सातवी. त्यांनी आज्जीसाठी एक पत्र लिहिलं आणि 'जरा शुद्ध करून दे' म्हणून माझ्याकडे दिलं. मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, मन लावून सगळं दुरुस्त केलं आणि त्यांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, 'लई भारी झालंय. पण हे लिहिलंय कुणी?' घरच्यांना मात्र माझंच आवडलंय आणि कार्यक्रमात तेच वाचायचं ठरतंय. दोन्ही पत्रं सोबत पाठवतेय. आबांचा साधेपणा न जाता पत्र नीटनेटकं कसं करू?
— एक नात, कोल्हापूर

नातीस,

कुसळांची ओळ आधी घेऊ. आबांनी लिहिलंय: 'कामावरून आलो की माझ्या हातातली लोखंडाची कुसळं तू सुईने काढायचीस दिव्याखाली बसून.' तू त्याचं केलंस: 'तुझ्या कोमल करस्पर्शाने माझ्या साऱ्या वेदना विरून जात असत.'

लेथवर काम केलेला माणूस ज्या घरात असतो तिथे हे सगळ्यांना माहीत असतं. जॉबवरून उडणारा बारीक कीस तळव्यात शिरतो, दिसत नाही, आणि टॉवेलला हात पुसले की टोचतो. तो काढायचा म्हणजे हात उजेडात धरायचा, बोटाने चाचपायचा, मग सुई घ्यायची. आबांच्या ओळीत हे सगळं आहे. आज्जी कुठे बसल्या, कशाने काढलं, काय काढलं, तेही आहे. तुझ्या ओळीतला नवरा बँकेत कारकून असला तरी चालेल आणि बायको कुणाचीही असली तरी चालेल. आबांनी 'हे लिहिलंय कुणी' विचारलं ते याच कारणाने. त्यांना स्वतःचे हातच त्यात सापडले नाहीत.

तुझी भाषा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तू आबांचे शब्द काढून त्यांच्या जागी दुसरे घातलेस, आणि अशा पत्रात नेमकं तेवढंच करायचं नसतं. खोडायला हरकत नाही. लांब वाक्य तोडायला हरकत नाही. विस्कटलेला मजकूर उचलून एका जागी आणायलाही हरकत नाही. आपल्याकडचा शब्द मात्र घालायचा नाही. कुठे काही कमी वाटलं तर आबांना विचारायचं आणि ते जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. मी या पत्राला एवढंच केलंय. तुझी प्रत बाजूला ठेवली आणि आबांच्या वहीच्या पानांवर पेन्सिल चालवली.

शुद्धलेखनाचं सांगते, कारण आबांनी तुला काम तेच सांगितलं होतं. आबा 'कांही' आणि 'नांव' लिहितात, अनुस्वारासकट. तू सगळे अनुस्वार पुसलेस. आजच्या नियमाने तू बरोबर आहेस, पण ते नवे नियम आले 1962 साली. आबांनी त्याआधी पाटी गिरवली असणार, म्हणजे त्यांना शाळेत शिकवलं तेच ते आजवर लिहितायत. राहू दे. एका ओळीत ते 'झाले' लिहितात आणि पुढच्या ओळीत 'कुसळं', तेही सरसकट एक करू नकोस. पत्र म्हणजे जरा मानाने लिहायची गोष्ट, म्हणून ते शाळेतलं मराठी काढतात, आणि आठवण घरातली निघाली की घरातलं मराठी आपसूक येतं. वाचणारा अडखळेल तिथेच हात लाव. 'बांदल्यास'चं 'बांधल्यास' मी केलं, 'ऑपरेशण' सरळ केलं. बाकी सोडून दिलं.

पण आता उलट्या टोकालाही जाऊ नकोस. माझं उत्तर वाचून तुला वाटेल की साधेपणा हवा तर 'आहे'चं 'हाय' करावं, 'नाही'चं 'न्हाई' करावं. आबांनी 'आहे' लिहिलंय, तर 'आहे'च. त्यांच्या पत्राला मुद्दाम गावरान करणं हे नटवण्यासारखंच आहे, फक्त दागिने वेगळे.

एका जागी मात्र तू फार मोठं काहीतरी घालवलंस. आबांनी आज्जींचं एकच वाक्य पत्रात घातलंय: 'गळा मोकळा राहिला म्हणून मी मरतो व्हय, जेवा आता.' तू त्याचं 'मी मरते का, जेवा आता' केलंस. अगं, आपल्या पेठांतल्या बायका 'मी येतो', 'मी जातो', 'मी करतो' असंच बोलत आल्यात. मीही पेठेत वाढले, माझी आई शेवटपर्यंत 'मी आलो' म्हणायची. पुण्याहून आलेली आमची एक मामी हसायची त्याला, तेव्हा आई म्हणायची, 'मी बोलतो ते तुला कळतंय नव्हं?' सगळ्या पत्रात आज्जींचा आवाज एकदाच येतो. तो व्याकरणात बसवलास तर आज्जींना स्वतःचंच वाक्य ओळखू येणार नाही.

विरामचिन्हांकडे येते. आबांनी जवळजवळ वापरलेलीच नाहीत. बहुतेक ठिकाणी वाक्य कुठे संपतं ते कळतं, तिथे मी टिंब दिलं. आज्जी चौथी शिकलेल्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पेपर एकेक शब्द लावून वाचतात असं तू लिहिलंयस, म्हणजे छोटी वाक्यं त्यांच्याही सोयीची. पण एक ओळ अडली. 'मी चिडलो तू बोलली नाहीस दोन दिवस मी जेवलो नाही.' हे 'दोन दिवस' कुणाचे? आज्जी दोन दिवस बोलल्या नाहीत, की आबा दोन दिवस जेवले नाहीत? टिंब 'नाहीस'च्या पुढे दिलं तर एक भांडण होतं, 'दिवस'च्या पुढे दिलं तर दुसरंच. तू आपल्या प्रतीत 'आपल्यात काही काळ अबोला होता' लिहून सुटका करून घेतलीस. मी ती ओळ तशीच ठेवलीय. आबांना विचार आणि ते सांगतील तिथे टिंब दे. हे ठरवायचा हक्क तुला नाही आणि मलाही नाही.

आता ठुशी. तू ती पूर्ण काढून टाकलीस आणि समासात लिहिलंस, 'सुवर्णमहोत्सवाला दुःखद नको.' माझ्या मते पत्र त्या ठुशीसाठीच लिहिलंय. मूळ पत्रात ती दोनदा येते, हे तुझ्या लक्षात आलं का? दुसऱ्या पानावर आबा कारखाना बंद पडल्याचं लिहितात, आज्जींनी ठुशी गुजरीत नेऊन ठेवल्याचं लिहितात, आणि तिथेच सोडून मुलांच्या शाळेकडे वळतात. मग पानभर इकडचं तिकडचं झाल्यावर, थोरल्या आत्याच्या लग्नाचं सांगता सांगता, परत येतात: 'ती ठुशी मी सोडवून आणू शकलो नाही.' माणूस लिहिताना असा विषयाला भिडतो, मागे सरतो आणि परत येतो, तेव्हा त्याला तेच सांगायचं असतं. मी हे दोन तुकडे शेजारी आणले आणि मधलं पान काढलं. सबंध पत्रात जागा बदलली ती एवढ्या एकाच मजकुराची. बाकी क्रम आबांचाच आहे: लाडू, मग हात, मग सायकल, मग ठुशी, मग पूर. त्यांना जसं आठवत गेलं तसं.

लाडवांची ओळ तू 'आज्जीची चेष्टा वाटेल' म्हणून गाळलीस. मी ती परत घेतली. तुझ्या आज्जी हसतील की नाही ते तू सांग, पण मी एकटी बसून हसले.

खोडलेलं काय ते सांगते, म्हणजे तुला आबांना उत्तर देता येईल. सर्वात मोठा तुकडा आबांच्या नोकरीचा आहे. कुठल्या शॉपमध्ये लागले, कुठलं मशीन, फोरमन कोण, पगार कधी वाढला. माहिती सोन्यासारखी आहे, वेगळ्या वहीत उतरवून ठेव, पण ती आज्जींना सांगायची गरज नाही, त्या तिथेच होत्या. त्या सगळ्या मजकुरातलं एकच वाक्य मी उचललं, रात्रपाळीचं, कारण त्यात दार आज्जी उघडतात. ही सोपी कसोटी आहे: ज्या वाक्यात आज्जी काही करतात, बोलतात किंवा गप्प राहतात, ते ठेवायचं. ज्यात फक्त आबा आहेत ते बहुतेक जाऊ शकतं.

दुसरा खोडलेला तुकडा शेवटच्या आभारांचा. मुलं, सुना, जावई, नातवंडं, डॉक्टर, शेजारी. आबांचं मन मोठं आहे, पण हे ऐकणारे वेगळे आहेत. ते आभार आबांनी कार्यक्रमात तोंडी मानावेत. तिसरं म्हणजे 'तू माझ्या जीवनाची सावली आहेस' ही ओळ. ही तुझी नाही, आबांचीच आहे, तरीही मी ती खोडली. बाकीच्या पत्रात ते असं कुठेच बोलत नाहीत. पत्रिकेवर किंवा भेटकार्डावर वाचलेलं हाताला लागलं असावं. साध्या माणसाच्या हातूनही कधी कधी उसना शब्द जातो, आणि तो ओळखायची खूण अशी की त्याच्या शेजारी ना वस्तू असते, ना जागा, ना दिवस.

मायन्यावर माझंही जरा अडलं. आबांनी जुन्या रीतीने 'सौ. हिस, अनेक आशीर्वाद' लिहिलंय. तू 'प्राणप्रिय सहचरीस' केलंस. 50 वर्षांत ज्यांनी बायकोला नावाने हाक मारली नाही, 'अगं ऐकलंस काय' यावर संसार केला, त्यांच्या तोंडी 'प्राणप्रिय' शोभत नाही. 'सौ. हिस' ठेवलं. 'अनेक आशीर्वाद' मात्र खोडलं. रीत म्हणून ते बरोबर आहे, त्या पिढीत नवरा बायकोला असंच लिहायचा. पण खाली पत्रात ते एक प्रकारे माफी मागतायत, आणि वरच्या पायरीवरून आशीर्वाद देऊन माफी मागता येत नाही. आबा हट्टाने म्हणाले 'राहू दे' तर राहू दे. 'श्री अंबाबाई प्रसन्न' तू काढलं होतंस, ते परत वर घातलं.

तर हे पत्र. यातला प्रत्येक शब्द आबांच्या पानांवरचा आहे.

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

सौ. हिस,

पत्रास कारण की आपल्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. तोंडाने बोलायला मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

पहिल्या दिवाळीला तू लाडू केलेस ते फुटत होते. मी म्हणालो चांगले झालेत. तेव्हापासून तू लाडू तसेच करतेस.

कामावरून आलो की माझ्या हातातली लोखंडाची कुसळं तू सुईने काढायचीस दिव्याखाली बसून. तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मला तेच आठवले.

रात्रपाळीहून आलो की कडी वाजवायच्या आधी तू दार उघडायचीस. तुला माझ्या सायकलचा आवाज कळायचा.

कारखाना बंद पडला तेव्हा तू ठुशी गुजरीत नेऊन ठेवलीस. मला कांही सांगितले नाहीस. टेंबलाईच्या यात्रेला तुझा गळा बघून मला कळले. मी चिडलो तू बोलली नाहीस दोन दिवस मी जेवलो नाही. मग तू म्हणालीस, गळा मोकळा राहिला म्हणून मी मरतो व्हय, जेवा आता. ती ठुशी मी सोडवून आणू शकलो नाही. थोरलीच्या लग्नात जमेल असे वाटले होते. तेव्हाही जमले नाही. तू परत कधी विषय काढला नाहीस. मी पण काढला नाही. आज काढतो.

पुराच्या वर्षी पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा तू माझ्या गोळ्या पदराला बांधल्यास आणि स्वतःची चप्पल विसरलीस. मंगल कार्यालयात अनवाणी होतीस. मला चौथ्या दिवशी दिसले.

गुडघ्याला तेल लावत जा. कळावे.

शेवटी आबांनी पूर्ण नाव घातलंय, वडिलांच्या नावासकट. तू तिथे 'सदैव तुझाच' केलं होतंस. त्यांना पूर्ण नावच घालू दे. आणि 'गुडघ्याला तेल लावत जा' इथे संपवू नये असं तुला वाटेल, काहीतरी गोड हवं. त्या ओळीनंतर आबांनी आणखी सहा-सात ओळी लिहिल्या होत्या, सगळ्या आभाराच्या आणि सावलीच्या. त्या गेल्यावर उरलेली ही ओळ मला पुरेशी गोड वाटते.

एक जागा मला अजून रिकामी दिसते. 'आज काढतो' म्हणतात, पण मग पुढे काय म्हणायचंय? कदाचित काहीच नाही, एवढंच म्हणायचं असेल. तरी एकदा विचार, तेही आडवळणाने नको, सरळ: 'आबा, ठुशीचं आज्जीला अजून काय सांगायचंय?' आबा काही बोलले तर ते वाक्य तिथे घाल, कसंही असो. गप्प राहिले तर काही घालू नकोस. 'माफ कर' हा शब्द त्यांच्या तोंडात तू घालायचा नाहीस.

मग सगळं पत्र त्यांना वाचून दाखव, सावकाश. ते मान हलवतील तिकडे लक्ष देऊ नकोस, नातीच्या कौतुकाने माणूस कशालाही मान हलवतो. ते कुठे थांबवतात ते बघ. 'हे असं नाही, असं' म्हणून तोंडाने जे सांगतील ते पानावरच्या शब्दापेक्षा खरं धर. आणि एकही शब्द 'हा कुठला?' म्हणून त्यांना परका वाटला तर तो जाऊ दे, माझ्या हातून राहिलेला असला तरी.

लिहायचं आबांनीच, स्वतःच्या हाताने. रेघांच्या कागदावर, एक रेघ सोडून एक, म्हणजे अक्षर मोठं येईल आणि आज्जींना चष्म्यातून दिसेल. हात कापत असेल तर दोन दिवसांत लिहू दे, अक्षर बदललं तरी बिघडत नाही. उतरवताना ते एखादा शब्द बदलतील, एखादी ओळ गाळतील, ठुशीचीसुद्धा. तेव्हा तू शेजारी बसून 'आबा, हे राहिलं' म्हणू नकोस. टाइप करून, सोनेरी कागदावर छापून, लॅमिनेट करून द्यायचा बेत घरात कुणीतरी काढणारच. तो तुला मोडावा लागेल.

घरच्यांचा दुसरा बेतही ओळखून आहे. ठुशीची गोष्ट कळली की कुणीतरी म्हणेल, चला, सगळे मिळून नवी ठुशी करू आणि पत्राबरोबर देऊ. ठुशी करायची तर जरूर करा, आज्जी घालतील. पण त्या दिवशी नको आणि पत्राबरोबर तर नकोच, नाहीतर पत्र दागिन्याची पावती होऊन बसेल. आबांना जे जमलं नाही ते मुलांनी सर्वांदेखत करून दाखवलं, असंही त्याला रूप येईल, आणि ते आबांना लागेल.

राहता राहिला कार्यक्रम. हे पत्र तिथे वाचायचं नाही. गहाण टाकलेली ठुशी आणि न जेवलेले दिवस व्याह्यांसमोर माइकवरून ऐकायची आज्जींची तयारी आहे की नाही, हे कुणी त्यांना विचारलेलं नाही. आणि विचारायला गेलात तर पत्र आधीच फुटलं. आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी, घरात गर्दी व्हायच्या आत, आबांनी ते आज्जींच्या हातात द्यावं. मग आज्जी स्वतः म्हणाल्या 'वाचा सगळ्यांना' तर वाचा.

माइकवर वाचायला तुझं पत्र आहेच की. त्यातला 'माझी प्राणप्रिय सहचरी' खोडून 'आमची आज्जी' कर, 'करस्पर्श' तेवढा काढ, खाली आबांऐवजी तुझं नाव घाल आणि तूच उभी राहून वाच. घरच्यांना ते आवडलंय, आणि नातीने आज्जीला अलंकारिक लिहिलं तर कुणाची काही तक्रार नसते.